माल संपल्यावर नक्की किती बुडतं? हुकलेली विक्री, पेंडिंग ऑर्डर आणि ‘स्टॉकआउट कॉस्ट’चा रकाना

प्रश्न: आम्ही पंपांचे सुटे भाग विकतो. एखादा भाग संपला की काही ग्राहक ऑर्डर पेंडिंग ठेवून थांबतात, काही दुसरीकडून घेतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘स्टॉकआउट कॉस्ट, प्रति नग’ असा रकाना आहे. एक जण म्हणतो त्यात विक्रीची किंमत टाका, कारण विक्री गेली. दुसरा म्हणतो शून्य टाका, कारण थांबलेला ग्राहक शेवटी माल घेतोच. यात खरं काय भरायचं आणि तो आकडा काढायचा कसा?

उत्तर:

दोघंही एकेका ग्राहकाबद्दल बोलताहेत आणि रकाना मात्र सगळ्या ग्राहकांसाठी मिळून एकच आहे. माल नसताना आलेली मागणी साधारण तीन वाटांनी जाते. काही नग पेंडिंग राहून नंतर जातात, काहींच्या जागी ग्राहक तुमच्याकडचाच दुसरा ब्रँड घेतो, आणि उरलेले हातचे जातात. त्यामुळे ‘हुकलेली विक्री की पेंडिंग ऑर्डर, म्हणजे बॅकऑर्डर’ असा एकाची निवड करण्याचा प्रश्न इथे नाही. शंभर नगांची मागणी परत गेली तर त्यातले किती कुठल्या वाटेने गेले आणि त्या वाटेवर एका नगामागे किती पैसे पडले, हे काढायचं. या सगळ्यांची सरासरी म्हणजे तुमच्या रकान्यातला आकडा.

हे प्रमाण धंद्यागणिक बदलतं, इतकंच काय एकाच दुकानात भागागणिक बदलतं. पंप बंद पडलेला ग्राहक सीलसाठी चार दिवस थांबणार नाही. पुढच्या महिन्याच्या देखभालीसाठी तोच सील घेणारा निवांत थांबेल. ठरावीक मॉडेललाच बसणारा भाग असेल तर लोक थांबतात, कुठेही मिळणारं बेअरिंग असेल तर थांबत नाहीत. म्हणून खालची टक्केवारी उचलून वापरू नका, पद्धत वापरा.

आधी दोन्ही नुकसानांचा स्वभाव बघू, कारण घोळ तिथेच होतो. विक्री हुकली की नुकसान एकदाच होतं आणि तिथेच थांबतं. ग्राहक दुसरीकडे गेल्यावर तुमचा माल उद्या आला काय किंवा महिन्याने आला काय, त्या विक्रीपुरता फरक पडत नाही. पेंडिंग ऑर्डरचं उलट असतं. सुरुवातीला थोडा ठरावीक खर्च होतो: वेगळं पार्सल, फोन, बिलाची दुरुस्ती. त्यानंतर जसजसे दिवस जातात तसतसा धोका वाढतो, कारण थांबलेला ग्राहक रद्द करून जाऊ शकतो. म्हणजे पेंडिंग ऑर्डर ही काही काळाने हुकलेली विक्री होऊ शकते, आणि रद्द झालेल्या ऑर्डरी ज्या रिपोर्टमधून आपोआप गायब होतात त्या रिपोर्टमध्ये ‘आमचे सगळे ग्राहक थांबतात’ असंच दिसतं. तुमच्या शून्यवाल्या सहकाऱ्याचं मत बहुधा अशाच रिपोर्टवरून झालं असावं.

नुकसान कोणाचं मोजतोय हेही पक्कं करा. २००२ मध्ये ग्रुएन, कॉर्स्टन आणि भारद्वाज यांनी किरकोळ दुकानांतल्या स्टॉकआउटचा जगभरातला अभ्यास मांडला होता. त्यात वस्तू न मिळालेल्यांपैकी सरासरी ३१ टक्के दुसऱ्या दुकानात गेले, २६ टक्क्यांनी तिथेच दुसरा ब्रँड घेतला, १९ टक्क्यांनी त्याच ब्रँडचा दुसरा प्रकार घेतला, १५ टक्क्यांनी खरेदी पुढे ढकलली आणि ९ टक्क्यांनी घेतलंच नाही. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर हातची गेलेली विक्री ३१ अधिक ९, म्हणजे ४० टक्के. ब्रँडच्या मालकाच्या बाजूने पाहिलं तर २६ अधिक ९, म्हणजे ३५ टक्के, आणि दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या ३१ टक्क्यांचं त्याला काही वाटत नाही. घटना एकच, हिशेब दोन. तुम्ही विक्रेते आहात, त्यामुळे दुसऱ्या ब्रँडवर वळलेला ग्राहक हा तुमच्यासाठी जवळजवळ वाचलेला ग्राहक आहे. हे आकडे रोजच्या वापराच्या मालाचे आहेत, सुट्या भागांना लागू नाहीत. पण वाटा किती असतात आणि त्या कशा विभागायच्या, हे त्यावरून चांगलं कळतं.

वाटा मोजायच्या कशा

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे नोंद. ऑर्डर घेणाऱ्याने माल नसताना आलेली प्रत्येक मागणी लिहायची: तारीख, भाग, किती नग मागितले, त्याच ऑर्डरमध्ये आणखी काय होतं, माल कधी येईल असं सांगितलं, आणि ग्राहकाने काय केलं. शेवटच्या रकान्यात चारच पर्याय ठेवा: थांबला, दुसरं घेतलं, फक्त हा भाग सोडला, सगळी ऑर्डरच सोडली. यापेक्षा जास्त पर्याय दिले की लोक पहिल्यावरच टिचकी मारतात आणि नोंद कुचकामी होते. महिनाअखेरीला ‘थांबला’वाल्या ऑर्डरी पुन्हा तपासून त्यातल्या किती रद्द झाल्या ते लावायचं.

या नोंदीत एक फसवणूक लपलेली असते. घाईत असलेला खरेदीदार तीन ठिकाणी ऑर्डर टाकतो आणि जिथून आधी मिळेल तिथून घेतो. तुमच्याकडे ती ‘थांबला’ म्हणून दिसते, मग रद्द होते. म्हणून थांबलेल्यांचा आकडा माल पोचून बिल झाल्यावरच खरा धरायचा. तशीच दुसरी चूक तारखेची. पेंडिंग ऑर्डरची मागणी डिस्पॅचच्या दिवशी नोंदली जाते, मग माल आला त्या दिवशी मागणीचा खोटा डोंगर दिसतो आणि त्याआधी खोटी दरी. मागणी नेहमी ग्राहकाने मागितलं त्या तारखेला टाका.

नोंद नसेल तर विक्रीच्या आकड्यांवरून अंदाज काढता येतो. समजा महिन्यात २५ कामाचे दिवस होते, त्यातले ६ दिवस सील नव्हता, आणि १९० नग विकले गेले. १९० भागिले २५ केलं तर रोजची मागणी ७.६ येते, आणि हा आकडा चुकीचा आहे. माल होता ते दिवस १९. १९० भागिले १९ म्हणजे रोज १० नग. म्हणजे ६ दिवसांत साधारण ६० नगांची मागणी आली आणि विक्रीच्या रिपोर्टमध्ये ती दिसलीच नाही. ७.६ घेऊन पुढच्या महिन्याची ऑर्डर दिली तर माल आणखी लवकर संपतो, विक्री आणखी कमी दिसते, आणि भाग ‘चालत नाही’ असा शिक्का बसतो. माल दुपारी संपला तो अर्धा दिवस या हिशेबात घेऊ नका, तो वगळून टाका. हेही लक्षात ठेवा की माल बहुधा मागणी जोरात असलेल्या दिवशीच संपतो, त्यामुळे असा अर्धा दिवस वगळताना तुम्ही एक चढा दिवसही वगळता, आणि १० हा आकडा असलाच तर थोडा कमीच आहे.

आता त्या ६० पैकी थांबले किती? माल आल्यानंतरचे पाच दिवस बघा. एरवी ५० नग जायला हवेत, गेले ६८. वरचे १८ म्हणजे खरेदी पुढे ढकललेले लोक, ६० पैकी ३० टक्के. एका प्रसंगावरून हा आकडा काढायचा नाही. पाच दिवसांत १८ नगांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पंधरा-वीस प्रसंगांची बेरीज करा, आणि ज्या काळात भाव बदलला किंवा सूट होती तो काळ काढून टाका. दुसऱ्या ब्रँडवर वळलेलेही असेच सापडतात: सील नसलेल्या ६ दिवसांत पर्यायी ब्रँडची विक्री रोजच्यापेक्षा किती वाढली ते बघायचं.

प्रत्येक वाटेचा खर्च

इथे एक उदाहरण पूर्ण सोडवतो. सील १०० ला विकला जातो, खरेदी ६४ ला पडते. पॅकिंग, पाठवणी, पैसे घेण्याचं शुल्क वगैरे विक्री झाली तरच होणारा खर्च ६. म्हणजे एका नगावर सुटतात ३०. विक्री हुकल्याचं नुकसान हेच ३०, १०० नव्हे. कारण विक्री झाली नाही तेव्हा ६४ चा माल खरेदी करावा लागला नाही आणि ६ चा खर्चही झाला नाही. पगार, भाडं, वीज हे वजा करून उरणारा निव्वळ नफाही इथे चालत नाही, कारण ते खर्च विक्री झाली काय, हुकली काय, तेवढेच राहतात. पहिली चूक आकडा तिप्पट फुगवते, दुसरी फार खाली आणते.

समजा नोंदीत १०० नगांच्या परत गेलेल्या मागणीचं चित्र असं निघालं: ४५ नगांचे ग्राहक थांबले, १५ नगांच्या जागी दुसरा ब्रँड गेला, ४० गेले. थांबलेल्या ४५ पैकी ९ पुढे रद्द झाले. म्हणजे अखेरीस ३६ पोचले, १५ वळले, ४९ गेले.

गेलेल्या ४९ नगांवर ३० प्रमाणे १,४७० बुडाले. यातल्या काहींनी अख्खी ऑर्डरच दुसरीकडे नेली, त्यात आणखी भाग होते. त्या बाकीच्या भागांवर जे सुटलं असतं ते नोंदीवरून गेलेल्या नगामागे सरासरी १० निघालं असं धरू. म्हणजे ४९० आणखी. ही रक्कम बरेच जण विसरतात, आणि सुट्या भागांच्या धंद्यात तीच कधी कधी मूळ नुकसानाहून मोठी असते: स्वस्त ओ-रिंग नाही म्हणून ग्राहक महागडा इंपेलरही दुसरीकडून घेतो. अशा भागाची स्टॉकआउट कॉस्ट त्याच्या स्वतःच्या किमतीवरून कधीच कळणार नाही.

वळलेल्या १५ नगांवर पर्यायी ब्रँडमध्ये ३० ऐवजी २२ सुटतात, फरक ८, एकूण १२०. पर्यायात जास्त सुटत असेल तर हा आकडा उणे येईल, तसाच लिहा.

पोचवलेल्या ३६ नगांवर वेगळ्या पार्सलचे नगामागे ९ आणि फोन-बिलाचे काम ३, असे १२, एकूण ४३२. थांबवण्यासाठी सूट दिली असेल किंवा सप्लायरकडून तातडीचा माल जादा भाव देऊन मागवला असेल तर तेही इथेच. पण फोन-बिलाचे ३ तेव्हाच धरा, जेव्हा त्या कामामुळे खरोखर जादा वेळ द्यावा लागतो किंवा दुसरं काम मागे पडतं. मोकळ्या बसलेल्या माणसाने केलेला फोन फुकटच असतो. रद्द झालेल्या ९ नगांवरही हे ३ आधीच खर्च झालेले, म्हणजे २७.

बेरीज २,५३९, नगामागे साधारण २५.

इथे थांबून दोन्ही सहकाऱ्यांचे आकडे शेजारी ठेवा. एकाचे १००, दुसऱ्याचा शून्य, आणि हिशेबाने २५. निव्वळ ‘सगळे थांबतात’ धरलं असतं तरीही शून्य नव्हे, १२ आले असते.

रुसून गेलेला ग्राहक

या २५ मध्ये पुढचं नुकसान नाही. माल मिळाला नाही म्हणून ग्राहक पुढच्या वेळी आधी दुसऱ्याला फोन करतो, ते. या भागावर सगळ्यात जास्त मनाचे आकडे ठोकले जातात. ‘ग्राहकाची आयुष्यभराची खरेदी’ गुणून मोठा आकडा काढण्याच्या फंदात पडू नका. एक सील मिळाला नाही म्हणून बहुतेक ग्राहक आयुष्यभरासाठी जात नाहीत.

मोजायला गेलात तर पहिला सापळा असा: ज्यांना माल मिळाला नाही ते ग्राहक पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा जास्त खरेदी करताना दिसतील. कारण साधं आहे, जो वारंवार येतो त्यालाच स्टॉकआउटची गाठ पडण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘मिळालं नाही ते’ विरुद्ध ‘सगळे’ अशी तुलना खोटी ठरते. तुलना अशी करा: माल संपण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत तोच भाग मागितलेले आणि मिळालेले ग्राहक एका बाजूला, आणि संपल्यावर मागितलेले ग्राहक दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांची त्याआधीच्या सहा महिन्यांची खरेदी साधारण सारखी आहे ना, हे आधी तपासा. नसेल तर मोठे ग्राहक मोठ्यांशी आणि छोटे छोट्यांशी जुळवून घ्या.

समजा दोन्ही गटांवर आधीच्या सहा महिन्यांत ग्राहकामागे सरासरी ४३० सुटत होते. नंतरच्या सहा महिन्यांत माल मिळालेल्यांवर ४३८ सुटले, न मिळालेल्यांवर ४१०. फरक २८. परत गेलेला ग्राहक सरासरी ४ नग मागत होता, म्हणजे नगामागे ७. न मिळालेल्या त्या सीलचं आणि त्याच ऑर्डरमधल्या बाकीच्या मालाचं नुकसान या सहा महिन्यांत मोजू नका, ते वर आलेलं आहे. दुसऱ्यांदा धरलं तर आकडा उगाच फुगतो.

७ हा आकडा डळमळीत आहे हे कबूल करूनच वापरायचा. शे-दीडशे ग्राहकांच्या गटात एखादा मोठा खरेदीदार इकडचा तिकडे झाला तरी २८ चे ० किंवा ६० होतात. मी अशा वेळी ० ते १५ असा पट्टा धरतो. म्हणजे एकूण स्टॉकआउट कॉस्ट २५ ते ४०, मधला आकडा ३२.

एवढ्या रुंद पट्ट्याने काम भागतं का? भागतं, आणि ते का ते आकड्यांतच दिसतं.

रकान्यात आकडा गेल्यावर काय होतं

सॉफ्टवेअर हा आकडा रिऑर्डर पॉइंट, म्हणजे किती नग उरले की नवी ऑर्डर टाकायची, ते ठरवायला वापरतं. आपल्या सीलची रोजची मागणी १०, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ३,००० नग. सप्लायरकडून माल यायला ८ दिवस, त्या काळात सरासरी ८० नग लागतात आणि त्या मागणीचं स्टँडर्ड डिव्हिएशन २० आहे, म्हणजे सरासरीपासून ती साधारण इतकी वर-खाली होते. एका वेळी ४०० नग मागवतो. एक नग वर्षभर ठेवायचा खर्च, खरेदी किमतीच्या २५ टक्के धरून, १६. मग:

```
x = h*Q / (p*D)          (बहुतेक ग्राहक थांबत असतील तर)
x = h*Q / (h*Q + p*D)    (बहुतेक जात असतील तर)
z = NORM.S.INV(1 - x)
R = 80 + z*20
```

`h` म्हणजे ठेवण्याचा खर्च १६, `Q` ४००, `D` ३,००० आणि `p` म्हणजे आपला आकडा. `x` म्हणजे मागवलेला माल येईपर्यंत स्टॉक संपण्याची परवडणारी शक्यता. `R` हा रिऑर्डर पॉइंट, आणि त्यातले `z*20` म्हणजे सेफ्टी स्टॉक, सरासरी मागणीच्या वर ठेवलेले जादा नग. ३२ टाकला तर पहिल्या सूत्राने `x` ०.०६७ येतो, दुसऱ्याने ०.०६३. सेफ्टी स्टॉक पहिल्याने ३०, दुसऱ्याने ३१. ज्या सूत्राच्या निवडीवरून वाद होतात त्यातून इथे जेमतेम एका नगाचा फरक पडतो. तुमच्याकडे निम्मे थांबतात आणि निम्मे जातात, तर कुठलंही घ्या.

आता आकडा चुकला तर काय? खरा खर्च ३२ आहे असं धरू. सेफ्टी स्टॉक ३० ठेवला तर तो ठेवायला वर्षाला ४८०, आणि साधारण साडेचार नग कमी पडून १४१ जातात, एकूण ६२१. कोणी चुकून दुप्पट, ६४ भरले, तर सेफ्टी स्टॉक ३७ होतो आणि एकूण खर्च ६५२. दुपटीची चूक, वर्षाला फक्त ३१ जादा. निम्मे, म्हणजे १६ भरले तर सेफ्टी स्टॉक २२ आणि खर्च ६८१, ६० जादा. आणि ‘सगळे थांबतात’ धरून १२ भरले तर सेफ्टी स्टॉक १८, वर्षाला १५ नग कमी पडतात आणि खर्च ७७०, म्हणजे १४९ जादा.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. आकडा २५ आहे की ४० यावर आठवडे घालवू नका, सेफ्टी स्टॉक २७-२८ आणि ३२ यांच्यात फिरतो. आणि शंका असेल तेव्हा चढा आकडा घ्या, कारण कमी धरण्याची चूक चढ्या चुकीपेक्षा महाग पडते. मात्र चढा म्हणजे पट्ट्याचं वरचं टोक, म्हणजे ४०. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचे १०० नव्हे. तेही एकाच भागावर फार दुखणार नाहीत, पण हजारो भागांवर तोच नियम लावला की प्रत्येकाचे जादा नग मिळून गोदामात पैसा अडकतो, आणि मंद चालणाऱ्या महाग भागांवर सगळ्यात जास्त.

सूत्र जे गृहीत धरतं तेही सांगून ठेवतो: सप्लायर ८ दिवसांत माल देतोच, आणि एका वेळी मागवलेला माल सेफ्टी स्टॉकपेक्षा बराच मोठा आहे. सप्लायर कधी ६ तर कधी १५ दिवस लावत असेल तर वरचे २० हे स्टँडर्ड डिव्हिएशन खोटं आहे. ते आधी सुधारा. स्टॉकआउट कॉस्ट कितीही अचूक काढली तरी ती चूक भरून निघत नाही.

माल कधी संपतो यावर बरंच काही असतं

हा मुद्दा सहसा कोणी बघत नाही, म्हणून थोडा विस्ताराने. ठरल्या रिऑर्डर पॉइंटवर ऑर्डर जात असेल आणि सप्लायर वेळेवर देत असेल तर माल संपतो तो लीड टाइमच्या, म्हणजे सप्लायरकडून माल यायला लागणाऱ्या काळाच्या, शेवटी, म्हणजे नवा माल दारात येण्याच्या एक-दोन दिवस आधी. ग्राहकाला ‘परवा येतोय’ असं ठामपणे सांगता येतं आणि बरेच जण थांबतात. सप्लायरचा माल अडकला म्हणून स्टॉकआउट झाला तर तो आठवडा-दोन आठवडे चालतो, तारीख सांगता येत नाही, आणि थांबणारे झपाट्याने कमी होतात.

म्हणजे पहिल्या प्रकारचा स्टॉकआउट बराचसा बॅकऑर्डरसारखा वागतो आणि दुसरा हुकलेल्या विक्रीसारखा. नोंदीत ‘माल कधी येईल असं सांगितलं’ हा रकाना याचसाठी आहे. त्याचे तीन गट करा: २ दिवसांपर्यंत, ३ ते ७ दिवस, आणि त्याहून जास्त किंवा तारीखच नाही. प्रत्येक गटात थांबणाऱ्यांचं प्रमाण वेगळं काढा. वरच्या उदाहरणातले ४५ टक्के ही या तिन्हींची सरासरी आहे, आणि ती गेल्या वर्षी सप्लायर किती वेळा अडकला यावर अवलंबून आहे. सप्लायर बदललात तर जुनी सरासरी टाकून द्या आणि गटांवरून नवी बांधा.

याचा एक व्यवहारी उपयोग लगेच होतो. समजा २ दिवसांच्या गटात ७० टक्के थांबतात आणि ‘तारीख नाही’ गटात १५. सप्लायरकडून डिस्पॅचची तारीख मिळवून ती ऑर्डर घेणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसेल एवढं केलं, तर ‘तारीख नाही’ गटातले बरेच प्रसंग वरच्या गटांत सरकतात. एकही जादा नग न ठेवता नगामागचा खर्च ३२ वरून खाली येतो. फक्त दिलेली तारीख खरी हवी. दोनदा चुकली की २ दिवसांच्या गटाचे ७० टक्के कसे घसरतात ते नोंदीतच दिसेल.

जिथे हे सूत्र वाकतं

मंद चालणाऱ्या महाग भागांवर वरचं पहिलं सूत्र टाकलं तर कधी कधी `x` एकापेक्षा मोठा येतो आणि एक्सेल `#NUM!` दाखवतं. उदाहरणार्थ वर्षाला १२ नग जाणारा भाग, ठेवण्याचा खर्च नगामागे २५०, एका वेळी ६ मागवतो आणि स्टॉकआउट कॉस्ट १०० धरली: १,५०० भागिले १,२००, म्हणजे १.२५. सॉफ्टवेअर अशा वेळी बहुधा मुकाट्याने स्वतःचा किमान सेफ्टी स्टॉक लावतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. सूत्र इथे बिघडलेलं नसतं. हा भाग ठेवण्यापेक्षा ग्राहकाला थांबवणं स्वस्त आहे, असं ते सांगतं. तो भाग ‘ऑर्डर आल्यावर मागवू’ यादीत टाका, किंवा ६ ऐवजी २ मागवता येतात का बघा. २ केले तर `x` ०.४२ वर येतो.

यादीत टाकण्याआधी १०० कुठून आले ते तपासा. थांबणारे ग्राहक धरून आले असतील आणि प्रत्यक्षात त्या भागाचा ग्राहक म्हणजे पंप बंद पडलेला माणूस असेल, तर तो थांबणार नाही, त्याच ऑर्डरमधला बाकीचा मालही नेईल, आणि १०० ऐवजी ४०० निघतील. मग दुसऱ्या सूत्राने `x` ६ नगांच्या ऑर्डरलाही ०.२४ येतो आणि भाग ठेवावाच लागतो. वर्षाला १२ नग जाणाऱ्या भागाच्या नोंदीत असे दोन-तीनच प्रसंग असतील, त्यावरून टक्केवारी निघत नाही. तिथे त्या दोन-तीन ग्राहकांना फोन करून त्या दिवशी तुम्ही काय केलंत असं सरळ विचारावं. त्याच कामाचे, त्याच किमतीच्या आसपासचे आठ-दहा भाग एकत्र करून त्यांची मिळून एक टक्केवारी काढली तरी चालते, मात्र त्यात ठरावीक मॉडेलला बसणारे आणि कुठेही मिळणारे भाग मिसळू नका.